जन्मतारीख १ तारखेची असेल तर साठीची निवृत्ती नेमकी कोणत्या दिवशी?

प्रश्न: मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आस्थापना शाखेत नवीन आहे. येत्या काळात निवृत्त होणाऱ्यांची यादी एक्सेलमध्ये करतोय. `=EOMONTH(C2,720)` हे सूत्र लावलं. एका कर्मचाऱ्याची जन्मतारीख १ जून १९६६ आहे, त्यांची तारीख ३० जून २०२६ आली. साहेब म्हणतात ३१ मे. पण साठावा वाढदिवस तर जूनमध्ये आहे ना? मग निवृत्ती मे महिन्यात कशी? आणि सूत्र काय लावू?

उत्तर:

तुमचे साहेब बरोबर सांगताहेत. त्या कर्मचाऱ्याची निवृत्ती ३१ मे २०२६ रोजी मध्यान्होत्तर. सूत्र खाली देतोच, पण आधी तारीख अशी का येते ते समजून घ्या. तो कर्मचारी उद्या तुमच्या टेबलासमोर येऊन हाच प्रश्न विचारणार आहे, आणि त्याला "संगणकात असंच येतं" हे उत्तर देऊन चालणार नाही. एका महिन्याच्या पगाराचा प्रश्न असतो, माणूस अस्वस्थ होतो.

केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी मूळ नियम म्हणजे मूलभूत नियम ५६(अ). ज्या महिन्यात वयाची ६० वर्षं पूर्ण होतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी मध्यान्होत्तर निवृत्ती, असं तो सांगतो. त्यालाच जोडून परंतुक आहे: ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली तारीख आहे, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होईल. नियमाच्या भाषेत तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच संपतं. बरेच जण हे परंतुक पाठ करतात आणि पुढे जातात. मग त्यांना ते पहिल्या तारखेच्या लोकांवर लादलेलं एखादं खास बंधन वाटतं. तसं ते नाही. परंतुक नसतं तरी तारीख ३१ मे हीच आली असती.

कारण वय "पूर्ण होणं" आणि वाढदिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ जून १९६६ ला जन्मलेल्या मुलाचा आयुष्यातला पहिला दिवस १ जून हाच. जन्म रात्री अकरा वाजता झाला असला तरी कायदा तो दिवस पूर्ण धरतो. दुसरा दिवस २ जून, आणि असं मोजत गेलं की तीनशे पासष्टावा दिवस येतो ३१ मे १९६७. म्हणजे ३१ मेच्या रात्री पहिलं वर्ष भरलं. १ जून १९६७ हा दुसऱ्या वर्षातला पहिला दिवस झाला. कॅलेंडरचं वर्षही ३१ डिसेंबरला संपतं, १ जानेवारीला नाही. १ जानेवारीला आपण नव्या वर्षाची सुरुवात साजरी करतो. वाढदिवसाचंही तसंच आहे. साठावा वाढदिवस हा एकसष्टाव्या वर्षाचा पहिला दिवस असतो. साठ वर्षं आदल्या रात्रीच भरलेली असतात.

आता हे नियमाला लावून पाहा. साठ वर्षं भरली ३१ मे २०२६ च्या दिवसाअखेर. ती कोणत्या महिन्यात भरली? मे महिन्यात. त्या महिन्याचा शेवटचा दिवस कोणता? ३१ मे. तुम्ही जून महिना धरलात कारण तुम्ही वाढदिवसाचा महिना बघितलात. २ तारखेपासून पुढे जन्मलेल्यांच्या बाबतीत वाढदिवसाचा महिना आणि वय भरण्याचा महिना एकच असतो, म्हणून ही चूक लपून राहते. फक्त पहिल्या तारखेला ते दोन महिने वेगळे होतात.

हा हिशेब कुण्या बाबूने काढलेला नाही. १८७५ च्या भारतीय सज्ञानता अधिनियमात जन्माचा दिवस पूर्ण दिवस धरून वय मोजावं असं लिहिलेलं आहे. १९८६ साली प्रभुदयाल सेस्मा विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व लावलं. त्या उमेदवाराची जन्मतारीख २ जानेवारी १९५६ होती. १ जानेवारी १९८४ रोजी २८ वर्षं पूर्ण झालेली नसावीत अशी भरतीची अट होती. त्याचं म्हणणं असं की अठ्ठाविसावा वाढदिवस २ तारखेला, म्हणून १ तारखेला माझी २८ पूर्ण नाहीत. न्यायालयाने सांगितलं की वाढदिवसाच्या आदल्या दिवशी वर्ष पूर्ण होतं, त्यामुळे १ जानेवारीलाच त्याची २८ भरली आणि तो वयोमर्यादेबाहेर गेला. कर्मचारी वाद घालायला लागला तर हे प्रकरण शांतपणे समजावून सांगा. माझा अनुभव असा की परंतुक वाचून दाखवलं तर माणूस चिडतो, पण बोटांवर दिवस मोजून दाखवले की पटतं.

हेच तत्त्व आयकरातही आहे. एखाद्याचा साठावा वाढदिवस १ एप्रिलला येत असेल, तर ३१ मार्चलाच तो साठ वर्षांचा झाला असं धरून सरत्या आर्थिक वर्षासाठीच त्याला ज्येष्ठ नागरिक समजायचं, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं २०१६ चं परिपत्रक आहे. १ एप्रिल १९६६ ला जन्मलेला कर्मचारी ३१ मार्च २०२६ ला निवृत्त होतो, आणि त्याच आर्थिक वर्षात ज्येष्ठ नागरिकही ठरतो. तुमच्या यादीत असा कोणी असेल तर त्याला हे जरूर सांगा. शेवटच्या वर्षाचा कर कापताना लेखा शाखेकडून ही गोष्ट बहुतेक वेळा सुटते.

आता सूत्र. तुमचं सूत्र जन्मतारखेत ७२० महिने मिळवून त्या महिन्याचा शेवट काढतं. ते वाढदिवसाच्या महिन्याचा शेवट देतं, आणि आपल्याला हवा आहे वय भरण्याच्या महिन्याचा शेवट. म्हणून जन्मतारखेतून आधी एक दिवस वजा करा:

```
=EOMONTH(C2-1,720)
```

एवढंच. १ जून १९६६ मधून एक दिवस गेला की ३१ मे १९६६, त्यात ७२० महिने मिळवले की मे २०२६, त्याचा शेवट ३१ मे २०२६. आणि २ जून १९६६ असेल तर १ जून १९६६, म्हणून ३० जून २०२६. अट घालायची गरज राहत नाही, कारण वजा केलेला तो एक दिवस म्हणजे वर सांगितलेला कायद्याचा हिशेबच आहे. १ जानेवारी १९६६ लाही हे नीट चालतं, तिथे एक दिवस मागे जाताना वर्षही बदलतं आणि उत्तर ३१ डिसेंबर २०२५ येतं. १ मार्च १९६६ ला २८ फेब्रुवारी २०२६, आणि १ मार्च १९६८ ला २९ फेब्रुवारी २०२८, कारण २०२८ लीप वर्ष आहे. फेब्रुवारीची काळजी सूत्र स्वतः घेतं.

काही कार्यालयांत याऐवजी `IF(DAY(C2)=1, ...)` असं लांबलचक सूत्र दिसतं. ते चुकीचं नाही, उत्तर तेच येतं. मला लहान सूत्र आवडतं, कारण पुढच्या माणसाला ते एका नजरेत तपासता येतं.

उत्तराच्या जागी 46173 असा आकडा आला तर घाबरू नका. एक्सेल तारखा आतून आकड्यांत ठेवतं, ही ३१ मे २०२६ च आहे. सेलचं फॉरमॅट तारखेचं करा.

खरी भीती वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि पहिल्या तारखेच्या लोकांनाच ती जास्त आहे. सूत्र बरोबर असलं तरी जन्मतारीखच उलटी वाचली गेली तर? तुमच्या संगणकाची सेटिंग अमेरिकी असेल तर 01/06/1966 हे एक्सेल ६ जानेवारी १९६६ असं वाचतं. सूत्र निमूटपणे ३१ जानेवारी २०२६ देतं. म्हणजे निवृत्ती चार महिने आधी! पडद्यावर सेलमध्ये 1/6/1966 असंच दिसत असतं, त्यामुळे नजरेला काही खटकत नाही. १३ तारखेपासून पुढच्या तारखा अशा उलट्या वाचताच येत नाहीत, त्या मजकूर म्हणून पडून राहतात आणि सूत्र चूक दाखवतं, म्हणून त्या लगेच सापडतात. पहिल्या तारखेचे लोक मात्र सगळेच्या सगळे जानेवारीत जाऊन पडतात. आणि उलटही होतं. ६ जानेवारीला जन्मलेला माणूस, 06/01 असं भरलं असेल तर, १ जूनचा होऊन बसतो.

हे ओळखायची साधी खूण: यादी तयार झाली की निवृत्तीच्या महिन्यानुसार लावून बघा. जानेवारीअखेर निवृत्त होणारे इतर महिन्यांपेक्षा डोळ्यांत भरण्याइतके जास्त दिसले तर तारखा उलटल्या आहेत असं समजा. मग शेजारच्या रकान्यात हे टाका:

```
=TEXT(C2,"dd-mmm-yyyy")
```

महिना अक्षरांत आला की लपवाछपवी संपते. 01-Jun-1966 दिसलं तर ठीक, 06-Jan-1966 दिसलं तर रकाना पुन्हा भरावा लागेल. माझ्या शाखेत मी एक पद्धत ठेवली होती, या दुसऱ्या रकान्याची प्रिंट काढायची आणि सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर जी जन्मतारीख अक्षरांत लिहिलेली असते तिच्याशी एकेक ओळ ताडून पाहायची. "एक जून एकोणीसशे सहासष्ट" हे शब्द कुठल्याही सेटिंगने बदलत नाहीत. निवृत्तीची तारीख ठरवताना आधार नेहमी सेवापुस्तकातली ही नोंद, आधार कार्ड किंवा संगणक प्रणालीतली नोंद नाही.

महाराष्ट्रात हा विषय एवढा वारंवार का येतो तेही सांगतो. आपल्याकडे १ जून ही जन्मतारीख असलेली माणसं प्रचंड आहेत. पूर्वी खेड्यात जन्माची नोंद नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आणि पहिलीत नाव घालताना गुरुजी वयाच्या अंदाजाने १ जून लिहून टाकायचे. पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच आलं, तिथून सेवापुस्तकात. म्हणून ३१ मे हा आपल्या सरकारी कार्यालयांत मोठ्या निरोप समारंभांचा दिवस असतो. एखाद्या कार्यालयाच्या यादीत मे महिना भरलेला दिसला तर तिथे सूत्र चुकलेलं नाही, ते खरंच तसं आहे. उलट तुमच्या जुन्या सूत्राने हे सगळे लोक ३० जूनला गेले असते.

आता एक महिन्याच्या फरकाने काय काय हलतं ते एका उदाहरणात बघू. समजा तुमचे हेच कर्मचारी १० मार्च १९९५ ला नोकरीत लागले, म्हणजे जुन्या निवृत्तिवेतन योजनेत आहेत, आणि मूळ वेतन ४७,६०० रुपये आहे. यादीत चुकून ३० जून लिहिलं गेलं आणि सगळी कागदपत्रं त्यावर तयार झाली.

अर्हताकारी सेवा पहिली चुकते. ३१ मे २०२६ पर्यंत ती ३१ वर्षं २ महिने २२ दिवस होते. सेवा सहामाहीत मोजतात, आणि उरलेले महिने तीन किंवा जास्त असतील तरच आणखी एक सहामाही मिळते. २ महिने २२ दिवसांना ती मिळत नाही, म्हणून ६२ सहामाह्या. ३० जून धरलं तर ३१ वर्षं ३ महिने २१ दिवस होतात आणि ६३ सहामाह्या. उपदान दर सहामाहीला वेतन अधिक महागाई भत्ता या रकमेच्या पाव पट असतं. म्हणजे उपदानाचा आकडा पाव महिन्याच्या वित्तलब्धीने जास्त निघतो. वेतन व लेखा कार्यालयात हे पकडलं जातं आणि प्रकरण आक्षेप घेऊन परत येतं.

अर्जित रजेतही फरक पडतो. जानेवारीत सहामाहीची १५ दिवस रजा आगाऊ जमा होते, पण त्याच सहामाहीत निवृत्त होणाऱ्याला पूर्ण झालेल्या प्रत्येक महिन्याला अडीच दिवस इतकीच द्यायची असते. मेअखेर पाच महिने, साडेबारा दिवस, पूर्णांकात १३. तुम्ही १५ जमा केले तर दोन दिवसांचं रोखीकरण जास्त जाईल. अर्थात खात्यावर आधीच ३०० ची मर्यादा भरली असेल तर या फरकाने काही बिघडत नाही.

आणि वेतनवाढ. हा भाग थोडा दुखरा आहे, म्हणून सावकाश सांगतो. १ जुलैला वार्षिक वेतनवाढ असलेला कर्मचारी ३० जूनला निवृत्त झाला तर वर्षभर काम करूनही त्याची वेतनवाढ एका दिवसाने जायची. यावर वर्षानुवर्षं खटले चालले. ११ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या सी. पी. मुंडिनमनी यांच्या प्रकरणात कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि पुढे २० मे २०२५ च्या ज्ञापनाने केंद्राने ३० जून आणि ३१ डिसेंबरला निवृत्त होणाऱ्यांना काल्पनिक वेतनवाढ लागू केली. ती फक्त निवृत्तिवेतन मोजण्यापुरती आहे. उपदान, अंशराशीकरण यांना ती धरायची नाही.

तुमच्या कर्मचाऱ्याला ही वाढ मिळत नाही, कारण तो ३१ मेला जातो. त्याचं निवृत्तिवेतन ४७,६०० च्या निम्मं, म्हणजे २३,८०० रुपये. त्याच्या शेजारी बसणारा, सगळं तसंच पण जन्म २ जूनचा, ३० जूनला निवृत्त होतो. त्याला काल्पनिक वेतनवाढ धरून ४९,००० च्या निम्मे २४,५०० मिळतात. एका दिवसाच्या फरकाने महिना ७०० रुपये आणि त्यावरची महागाई वाढ, आयुष्यभर. यादीत चुकून ३० जून लिहिलेलं असेल तर कोणीतरी त्याला ही वेतनवाढही देऊन मोकळं होतं, आणि ती नंतर काढून घेताना त्या माणसाला फार यातना होतात. म्हणून सुरुवातीलाच तारीख नीट ठरवणं हे त्याच्याच हिताचं आहे. १ जुलैला जन्मलेल्यांची गोष्ट मात्र वेगळी. ते ३० जूनलाच निवृत्त होतात, त्यामुळे वर्षाची पात्र सेवा समाधानकारक असेल तर त्यांना आता ही काल्पनिक वाढ मिळते. तुमच्या यादीत १ जुलै आणि १ जानेवारी या जन्मतारखा दिसल्या की त्यांच्यापुढे वेगळी खूण करून ठेवा, आणि त्यांची वेतनवाढीची तारीख तपासा.

वेतन आयोगाच्या वेळी तर हा एक दिवस आणखी मोठा होतो. सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. १ जानेवारी १९५६ ला जन्मलेले ३१ डिसेंबर २०१५ ला निवृत्त झाले होते. २ जानेवारी १९५६ चे ३१ जानेवारी २०१६ ला निवृत्त झाले. उपदानाची कमाल मर्यादा १० लाखांवरून २० लाख झाली तीही १ जानेवारी २०१६ पासून. त्यामुळे काही लोकांना एका दिवसाने लाखोंचा फरक पडला. आधी निवृत्त झालेल्यांचं निवृत्तिवेतन पुढे सुधारलं, पण उपदान जे मिळालं तेच राहिलं.

३१ मे २०२६ ला आणखी एक अडचण तुमच्यासमोर येणार आहे. त्या दिवशी रविवार आहे. शनिवारीही केंद्राची कार्यालयं बंद असतात, म्हणजे शेवटचा कामाचा दिवस शुक्रवार, २९ मे. निरोप समारंभ त्या दिवशी होईल, कार्यभारही त्या दिवशी सोपवून घ्या, पण निवृत्तीची तारीख ३१ मेच लिहा. सुट्टीमुळे निवृत्ती मागे किंवा पुढे सरकत नाही. आदेशात "दिनांक ३१ मे २०२६ रोजी मध्यान्होत्तर नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त" असंच यायला हवं. काही जण "१ जून २०२६ मध्यान्हपूर्व" असं लिहितात, ते एकच आहे असं समजून. ते एकच नाही. ३१ मे हा सेवेतला दिवस आहे, त्याचा पगार मिळतो, आणि निवृत्तिवेतन १ जूनपासून सुरू होतं.

वेळापत्रकही याच तारखेवरून उलट मोजा. कर्मचाऱ्याने निवृत्तिवेतनाचे नमुने सहा महिने आधी, म्हणजे नोव्हेंबर २०२५ अखेर भरून द्यायचे, आणि कार्यालयाने प्रकरण चार महिने आधी, म्हणजे जानेवारी २०२६ अखेर वेतन व लेखा कार्यालयाकडे पाठवायचं. ३० जून धरून चाललात तर तुम्ही नकळत एक महिना उशिरा आहात, आणि जूनमध्ये त्या घरात ना पगार येईल ना निवृत्तिवेतन.

तुमचे कर्मचारी ३१ मेनंतर जूनभर कामावर येत राहिले तर काय, हेही लक्षात ठेवा. निवृत्ती नियमाने आपोआप होते, त्यासाठी आदेश निघालाच पाहिजे असं नाही. तारीख उलटून गेल्यावर केलेल्या कामाचा पगार अनियमित ठरतो आणि वसूल होतो. कार्यालयाच्या चुकीमुळे तो राहिला असं म्हणून सुटका होत नाही. १९९७ च्या राधा किशुन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशी वसुली योग्य ठरवली होती. स्वतःची जन्मतारीख कर्मचाऱ्याला माहीत असतेच, असं त्यामागचं म्हणणं.

आता हे सगळं कुणाला लागू आहे, ते परिस्थितीवर अवलंबून आहे. केंद्राचे बहुतेक कर्मचारी ६० ला निवृत्त होतात. महाराष्ट्र शासनात गट ड साठी ६० आणि बाकी बहुतेकांसाठी ५८ आहे. तिथेही महिनाअखेरची पद्धत आहे आणि पहिल्या तारखेचा हिशेब असाच होतो. ५८ साठी सूत्रात ७२० च्या जागी ६९६ लिहा, बाकी काही बदलायचं नाही. खासगी कंपनीत मात्र हे सूत्र डोळे मिटून लावू नका. तिथे नेमणूकपत्र किंवा स्थायी आदेश बघावे लागतात. काही ठिकाणी "साठ वर्षं पूर्ण होण्याच्या दिवशी" असं असतं, तिथे महिनाअखेरचा प्रश्नच नाही, १ जूनचा माणूस ३१ मेला आणि १५ जूनचा माणूस १४ जूनला जातो. काही ठिकाणी आर्थिक वर्षाच्या शेवटापर्यंत ठेवतात. कागदावर जे लिहिलं आहे तेच धरायचं.

शेवटी एक विनंती. तारीख कळल्यावर काही कर्मचारी म्हणतात, "साहेब, माझा जन्म खरा १५ जुलैचा, गुरुजींनी १ जून लिहिलं, आता बदलून द्या." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण जन्मतारखेतली दुरुस्ती नोकरीत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत मागावी लागते, आणि तीही खरीखुरी चूक असल्याचं सिद्ध करून. निवृत्तीच्या उंबरठ्यावर अर्ज टिकत नाही. त्यांना वकिलाकडे खेटे घालायला लावण्यापेक्षा हे सरळ सांगा. आणि तुमच्या कार्यालयात आत्ता नव्याने लागलेली जी मुलं आहेत, त्यांची सेवापुस्तकं उघडून पहिल्या पानावर १ जून दिसली, तर त्यांना बोलावून विचारा की जन्माच्या दाखल्यावर काय आहे. त्यांच्याकडे अजून वेळ आहे.